माडाची उंची जमिनीवरून

कोकणात घराच्या मागे उभा असलेला जुना माड तोडायचा ठरला, की पहिला प्रश्न असतो: तो आडवा झाला तर छपरापर्यंत पोहोचेल का? त्यासाठी माडाची उंची माहीत असावी लागते, आणि अंदाजाने सांगितलेली उंची माणसागणिक बदलते. एक जण चाळीस फूट म्हणतो, दुसरा साठ. खरा आकडा काढायला माडावर टेप घेऊन चढायची गरज नसते. जमिनीवर उभे राहून दोन गोष्टी मोजल्या की पुरते: बुंध्यापर्यंतचे अंतर आणि शेंड्याकडे पाहताना नजर किती वर उचलावी लागते तो कोन. दहावीच्या भूमितीत यालाच उन्नतकोन म्हणतात.

हा कोन क्लिनोमीटरने मोजतात. वनखात्यातले लोक आणि सर्व्हेअर खिशात मावणारे तयार क्लिनोमीटर वापरतात; त्याच्या भिंगातून पाहिले की शेंडा आणि कोनाची पट्टी एकदमच दिसतात. घरी करायचा असेल तर कंपास पेटीतला कोनमापक पुरतो. त्याच्या सरळ कडेला सरबताची नळी चिकटवायची आणि मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला एखादा नट बांधायचा. नळीतून समोर सरळ पाहिले तर दोरा ९० वर येतो. नळी शेंड्याकडे उचलली की दोरा ९० पासून सरकतो, आणि जितका सरकतो तितका उन्नतकोन. दोरा ४८ वर थांबला असेल तर कोन ९० वजा ४८, म्हणजे ४२ अंश. वाचन दुसऱ्या माणसाने करावे, कारण डोळा नळीला लावलेला असताना स्वतःला दोरा दिसत नाही. दोरा डोलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग तो कोनमापकावर बोटाने दाबून धरायचा.

आता समजा जमीन सपाट आहे, बुंध्यापासून १५ मीटरवर पाहणारा उभा आहे आणि कोन ४२ अंश आला. ४२ अंशांचा टॅन ०.९० असतो. याचा अर्थ इतकाच, की ही दृष्टिरेषा आडव्या दिशेने एक मीटर पुढे जाते तेव्हा ९० सेंटिमीटर वर चढते. १५ मीटर पुढे गेल्यावर ती साडेतेरा मीटर वर गेलेली असते. म्हणून १५ गुणिले ०.९०, उत्तर १३.५ मीटर.

पण माड १३.५ मीटर उंच नाही. दृष्टिरेषा जमिनीपासून निघालेली नाही, ती डोळ्यापासून निघाली आहे. १३.५ मीटर ही शेंड्याची डोळ्याच्या पातळीपासूनची उंची झाली. त्या पातळीखालचा खोडाचा तुकडा त्रिकोणात आलाच नाही. पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून १.५ मीटरवर असतील तर तेवढे मिळवायचे. माडाची उंची १५ मीटर, म्हणजे जवळजवळ पन्नास फूट.

मिळवायची ती डोळ्याची उंची, माणसाची नाही. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या वरच्या टोकापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर खाली असतात. ती मोजताना चपला पायात असाव्यात आणि कोन घेताना जसे उभे राहिलो तसेच उभे राहावे. गुडघ्यावर बसून कोन घेतला तर बसलेल्या अवस्थेतली उंची मिळवावी लागते. शाळेतली मुले ही मोजणी करतात तेव्हा एकाचा कोन आणि दुसऱ्याचे डोळे अशी गल्लत सहज होते. बुटक्या मुलाने पाहिले असेल तर त्याच्याच डोळ्यांची उंची धरली पाहिजे.

आकडेमोडीतल्या दोन चुका मात्र उत्तर भलतीकडेच नेतात. पहिली, ९० मधून वजा करायचे विसरणे. ४२ ऐवजी ४८ अंश धरले तर माड १८ मीटरच्या पुढे जातो. ही चूक लपून राहते, कारण ४५ अंशांच्या आसपास दोन्ही उत्तरे पटण्याजोगी वाटतात. दुसरी चूक मोबाइलच्या कॅल्क्युलेटरची. तो RAD वर असेल तर tan(42) चे उत्तर २.२९ येते आणि माड ३६ मीटर उंच होतो. दहा मजल्यांहून उंच माड वाडीत नसतो, त्यामुळे हे लगेच लक्षात येते. बटण DEG वर आणायचे.

कोकणातली जमीन मात्र सपाट क्वचितच मिळते. बहुतेक वाड्या उतारावर आहेत, आणि तिथे डोळ्याची उंची मिळवण्याची रीत फसते. समजा तोच १५ मीटर उंचीचा माड, पण त्याचा बुंधा पाहणाऱ्याच्या पायांपेक्षा एक मीटर खाली आहे. आता डोळ्याच्या पातळीखाली खोडाचा दीड नव्हे, अडीच मीटरचा तुकडा आहे. नेहमीप्रमाणे १.५ मिळवले तर उत्तर बरोबर एक मीटरने कमी येईल. अशा ठिकाणी दुसरा कोन घ्यायचा: क्लिनोमीटर खाली झुकवून बुंध्याकडे पाहायचे. हा अवनतकोन साधारण साडेनऊ अंश येईल. त्याचा टॅन ०.१६७, गुणिले १५, उत्तर अडीच मीटर. वरच्या कोनातून आलेली साडेबारा मीटर उंची त्यात मिळवली की १५ मीटर पूर्ण होतात. इथे डोळ्याची उंची मोजावीच लागली नाही. ती या दुसऱ्या कोनात आपोआप आली.

पाहणारा उताराच्या खालच्या बाजूला असेल आणि बुंधाच डोळ्यांच्या वर असेल, तर दोन्ही कोन वर पाहूनच घ्यावे लागतात. तेव्हा बेरीज नाही, वजाबाकी करायची. आणि टेप उतारावर ताणलेला असला तरी सूत्रात अंतर आडवेच लागते. उतार १५ अंशांचा असेल तर ३० मीटरच्या टेपचे आडवे अंतर २९ मीटर भरते.

माडाचा खरा खोडसाळपणा त्याच्या झुकण्यात आहे. सूत्र गृहीत धरते, की शेंडा बुंध्याच्या बरोबर वर आहे. वाकलेल्या माडाचा शेंडा दोन मीटर पाहणाऱ्याकडे आला असेल तर दृष्टिरेषेला १५ नव्हे, १३ मीटरच पुढे जावे लागते, पण हिशेबात १५ धरले जातात. परिणामी १५ मीटरचा माड १७ मीटर भरतो. तोच माड पलीकडे झुकला असेल तर साडेतेरा मीटरच्या आत येतो. यावर उपाय सोपा आहे: माड ज्या दिशेला झुकला आहे तिला काटकोनात, बाजूला उभे राहायचे. तिथून शेंडा पाहणाऱ्याच्या जवळ आलेला नसतो आणि दूरही गेलेला नसतो; उत्तर १५ मीटरला दहा-पंधरा सेंटिमीटरच कमी पडते. किंवा ओळंबा धरून शेंड्याच्या बरोबर खालची जागा जमिनीवर शोधायची आणि टेप तिथपासून लावायचा. शेंडा म्हणून काय धरायचे तेही आधी ठरवावे. वर उभ्या असलेल्या कोवळ्या झावळीचे टोक आणि खोड संपते ती जागा यांत मोठे अंतर असते.

इमारतीत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. विजापूरचा गोलघुमट घ्या. मोहम्मद आदिलशहाची ही कबर बाहेरून सुमारे साडेसत्तेचाळीस मीटर बाजूच्या चौकोनी बांधणीवर उभी आहे, एकूण उंची सुमारे ५१ मीटर. टेप समोरच्या भिंतीपर्यंतच लागतो, पण घुमटाचा माथा त्या भिंतीच्या वर नाही, तो कबरीच्या मध्यावर, म्हणजे भिंतीच्या जवळपास २४ मीटर आत आहे. भिंतीपासून ६० मीटरवर उभे राहिल्यास माथ्यापर्यंतचे आडवे अंतर ८४ मीटर होते आणि माथ्याकडे जाणारी रेषा सुमारे साडेतीस अंशांची. हिशेबात ६० धरले तर डोळ्याची उंची मिळवूनही ५१ मीटरचा घुमट ३७ मीटरचाही भरत नाही. आत शिरून इमारतीची अर्धी रुंदी मोजायची आणि अंतरात मिळवायची, हाच मार्ग.

त्यातही घुमट गोल आहे. खालून पाहणाऱ्याला माथा दिसतच नाही, दिसतो तो त्याच्या अलीकडचा फुगलेला भाग. त्याच्या कडेला टेकलेली दृष्टिरेषा माथ्याच्या रेषेपेक्षा चढी असते, त्यामुळे उंची जास्त येते. जितके जवळ जावे तितकी ही चूक वाढते. पसरलेल्या वडाच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या बाबतीतही असेच होते: जवळून जी फांदी सर्वांत उंच वाटते, ती पाहणाऱ्याकडे आलेली असते, आणि झाडाचा खरा माथा तिच्या आड दडलेला असतो.

मग उभे कुठे राहायचे? कोनाच्या वाचनात एक अंशाची चूक घरगुती साधनात होतेच. कोन ४५ च्या आसपास असेल तर त्या एका अंशाने डोळ्यांवरच्या उंचीत साडेतीन टक्क्यांची चूक येते. कोन ७० अंशांचा असेल तर साडेपाच टक्क्यांच्या जवळ. फार लांब जाऊन २० अंशांचा कोन घेतला तरी चूक तेवढीच वाढते. म्हणून झाड जितके उंच वाटते साधारण तितकेच दूर राहणे फायद्याचे. मात्र घुमट किंवा रुंद माथ्याचे झाड असेल तर थोडे अधिक लांब जावे, कारण तिथे दडलेल्या माथ्याची चूक मोठी असते.

मोजणी तपासायला दुसऱ्या अंतरावरून पुन्हा कोन घेतात. त्याच दिशेने १५ मीटरवरून आणि मग २५ मीटरवरून. सरळ माड दोन्हीकडून १५ मीटरच भरेल. दोन मीटर पुढे झुकलेला माड जवळून १७ आणि लांबून १६ मीटर येईल, आणि हा फरक दिसला की झुकाव शोधायचा. पण सपाट जमिनीवर डोळ्याची उंची मिळवायची राहून गेली असेल तर ही तपासणी काहीच सांगत नाही. दोन्ही उत्तरे १३.५ येतात, एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि दोन्ही चुकीची असतात. ती चूक पकडायची तर सपाट जागीही बुंध्याकडे एकदा क्लिनोमीटर झुकवावा: १५ मीटरवरून तो जवळपास पावणेसहा अंश दाखवेल, आणि त्यातून राहिलेला दीड मीटर हिशेबात येईल.