क्लॉक वाढतो, फ्लॅश वाढत नाही

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांच्या टेबलावर हमखास दिसणारा एक छोटा निळा बोर्ड म्हणजे ‘ब्लू पिल’. त्यावरची STM32F103 ही चिप सुरू होते तेव्हा तिच्या आतला क्लॉक ८ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे एक ठोका १२५ नॅनोसेकंदांचा. बोर्डावरचा क्रिस्टलही ८ मेगाहर्ट्झचाच आहे. तरी ही चिप ७२ मेगाहर्ट्झवर चालते, कारण तिच्यात पीएलएल नावाचं सर्किट आहे. त्यातला वेगळा ऑसिलेटर क्रिस्टलशी सतत ताडून पाहिला जातो आणि क्रिस्टलच्या एका ठोक्यात त्याचे बरोबर नऊ ठोके बसतील असा धरून ठेवला जातो. आता एक ठोका जेमतेम १३.९ नॅनोसेकंदांचा उरतो.

प्रोसेसरच्या गाभ्याला हा वेग झेपतो. अडचण येते ती फ्लॅश मेमरीत, जिथे आपला प्रोग्रॅम साठवलेला असतो.

फ्लॅशमधला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर, आणि त्याच्या इन्सुलेशनमध्ये इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले आहेत की नाहीत, यावर तो ० की १ हे ठरतं. वाचताना त्याच्या गेटला व्होल्टेज देऊन करंट वाहतो का, ते पाहायचं. हा करंट अगदी किरकोळ असतो, आणि त्याला एक लांबलचक वायर इतकी चार्ज किंवा डिस्चार्ज करावी लागते की टोकाच्या अॅम्प्लिफायरला फरक ओळखता यावा. त्याला काही नॅनोसेकंद लागतातच. पीएलएलने क्लॉकचे ठोके जवळ आणले म्हणून ट्रान्झिस्टरमधून जास्त करंट वाहू लागत नाही.

या चिपचं मॅन्युअल सांगतं: २४ मेगाहर्ट्झपर्यंत फ्लॅश एका ठोक्यात वाचता येते, त्यापुढे ४८ पर्यंत एक वेट स्टेट, म्हणजे एक जादा ठोका थांबायचं, आणि ७२ पर्यंत दोन. जरा हिशेब करून पाहा. २४ मेगाहर्ट्झचा एक ठोका ४१.७ नॅनोसेकंदांचा. ४८ चे दोन ठोके, तेही ४१.७. ७२ चे मूळ एक आणि जादा दोन मिळून तीन ठोके, पुन्हा ४१.७. तक्त्यातल्या तिन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात: क्लॉक कितीही असो, फ्लॅशला तिचा वेळ द्या.

मग ७२ चा फायदा काय? ही फ्लॅश एका वाचनात ६४ बिट देते, आणि चिपच्या सूचना १६ किंवा ३२ बिटांच्या असतात. म्हणजे एका खेपेला दोन ते चार सूचना हाती येतात. त्या पार पडत असताना प्रीफेच बफर पुढचे ६४ बिट आणायला लागलेला असतो. सरळ चालणाऱ्या कोडला त्यामुळे थांबणं फारसं जाणवत नाही. कोडने उडी मारली की मात्र आणून ठेवलेलं फुकट जातं आणि गाभ्याला थांबावं लागतं. म्हणून नऊपट क्लॉकवर प्रोग्रॅम नेहमी नऊपट वेगाने धावेलच असं नाही.

वेट स्टेट दिलेच नाहीत तर? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. ‘माझं वाचून झालं’ असं फ्लॅश कळवत नाही, मधलं सर्किट फक्त ठोके मोजतं. अर्धवट वाचलेले बिट सूचना म्हणून गाभ्याकडे जातात आणि प्रोग्रॅम भरकटतो, बहुधा हार्डफॉल्टमध्ये जाऊन अडकतो. पीएलएलवर स्विच करणाऱ्या ओळीनंतर लगेच असं झालं, तर पहिला संशय इथेच घ्यावा. खात्रीसाठी गुणक ९ ऐवजी ३ करा. २४ मेगाहर्ट्झवर सगळं सुरळीत चाललं, तर संशय बळावतो.

याहून वाईट म्हणजे प्रोग्रॅम टेबलावर व्यवस्थित चालतो. मॅन्युअलमधले आकडे तापमान आणि व्होल्टेजची सर्वात वाईट स्थिती धरून दिलेले असतात, त्यामुळे गार खोलीत एक वेट स्टेट कमी पडला तरी एखादी चिप निभावून नेते. तीच पुढे तापलेल्या डब्यात दगा देते. व्होल्टेजचा परिणाम याच कुळातल्या STM32F407 च्या तक्त्यात उघड दिसतो: २.७ व्होल्टच्या वर दर ३० मेगाहर्ट्झला एक वेट स्टेट वाढतो, १.८ व्होल्टच्या आसपास दर २० लाच.

क्रमही पाळावा लागतो. पीएलएल स्थिर झाल्यावर STM32F103 मध्ये आधी फ्लॅश, मग क्लॉक:

```
FLASH->ACR = 0x12;  /* prefetch + 2 wait states */
RCC->CFGR |= RCC_CFGR_SW_PLL;
```

या ओळी उलट लिहिल्या, तर दुसरी ओळ वाचायच्या वेळी क्लॉक वाढलेला असतो आणि फ्लॅश मागे पडलेली असते. वीज वाचवण्यासाठी क्लॉक खाली आणताना हाच क्रम फिरवायचा: आधी क्लॉक उतरवा, तो उतरल्याची खात्री करा, आणि मगच वेट स्टेट कमी करा.