मनगटावर (९) : निळी डायल निळी दिसते कधी?

हिरव्या डायलबद्दल या रविवारी लिहीन असं कबूल केलं होतं. ते आठवडाभर पुढे ढकलतो, कारण नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न मला सोडवेना. गृहस्थ एका महाविद्यालयाच्या हिशेब विभागात आहेत. फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे, त्या निमित्ताने चांगलं घड्याळ घ्यायचं ठरलंय. रंग सावळा, मनगट साडेसहा इंच. कपाटात बहुतेक पांढरे आणि फिकट निळे शर्ट, राखाडी पँटी, तपकिरी बूट. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्या हाताला निळी डायल उठणार नाही, पांढरी घ्या." घरून आग्रह निळीचाच. कोणाचं ऐकायचं?

दुकानदाराचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण त्याने खापर भलत्यावर फोडलं आहे. डायल कातडीला टेकतच नाही. दोघांच्या मध्ये धातूची केस असते आणि वर-खाली पट्टा किंवा चेन. त्वचेच्या रंगाशी खरं जुळवायचं ते धातूला आणि पट्ट्याला. मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसल्या तर सोनेरी घ्या, निळ्या दिसल्या तर स्टील घ्या, ही युक्ती सगळीकडे सांगतात. सावळ्या मनगटावर मुळात शिरांचा रंगच नीट कळत नाही, त्यामुळे आपल्याकडे निम्म्या लोकांना तिचा उपयोग शून्य. त्यापेक्षा दुकानात एक सोनेरी आणि एक स्टीलचं घड्याळ मागा, दोन्ही एकाच मनगटावर शेजारी-शेजारी ठेवा आणि घड्याळांकडे न बघता कातडीकडे बघा. ज्याच्या शेजारी कातडी राखेसारखी दिसते ते परत करा. पिवळसर झाक असलेल्या गव्हाळ किंवा सावळ्या हातावर पिवळं सोनेरी सहसा छान बसतं. स्टीलही बहुतेकांना चालतं. गुलाबी सोनेरी मात्र काही हातांवर कातडीतच विरघळून जातं, ते घालून बघितल्याशिवाय घेऊ नये.

डायलच्या बाबतीत कातडीचा संबंध येतो तो रंगापेक्षा उजेड-अंधाराचा. सावळ्या हातावर पांढरी डायल सगळ्यात ठळक उठते, हे दुकानदाराचं खरं. पण तिला दुसरी बाजू आहे. गडद पार्श्वभूमीवरची पांढरी चकती डोळ्याला आहे त्याहून मोठी भासते. त्यामुळे ३८ मिलिमीटरचं पांढरं घड्याळ आणि त्याच मापाचं काळं घड्याळ साडेसहा इंची मनगटावर सारखं दिसत नाही. पांढरं मोठं वाटतं. एचएमटीची पांढऱ्या डायलची 'जनता' आजच्या मानाने लहान असूनही हातावर हरवत नाही, त्यात या भासाचा वाटा आहे. पांढरी घ्यायचीच असेल तर एक माप खाली उतरा आणि कागदासारख्या पांढऱ्याऐवजी किंचित सायीकडे झुकणारी बघा.

आता निळी. निळी डायल सावळ्या हातावर उठत नाही, असं नाही. ती कमी उजेडात कुणाच्याच हातावर उठत नाही. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग फार थोडा असतो. डायलने परतवायचं ते मुळात तिच्यावर पडतच नाही, म्हणून गडद निळी तिथे सरळ काळी दिसते. उलट दुकानात काउंटरवर थंड पांढरे एलईडी लावलेले असतात, त्यांच्यात निळा भरपूर. तिथे जी डायल मोरपिसासारखी झळकते, ती लग्नाच्या हॉलमधल्या पिवळ्या झुंबराखाली विझून जाते. म्हणून निळं घड्याळ दुकानात तीन ठिकाणी बघायचं : काउंटरच्या दिव्याखाली, दाराशी उन्हाच्या उजेडात, आणि शेवटी स्वतःच्या अंगाच्या सावलीत, तळहाताची ओंजळ धरून. तिसऱ्या ठिकाणीही ती निळी म्हणून ओळखू आली, तर घ्या.

आणि ती ओळखू येणं शेड-कार्डावरच्या नावापेक्षा डायलच्या पृष्ठभागावर ठरतं. सपाट, मॅट गडद निळी सगळ्यात आधी काळी पडते. सनरे डायलची गोष्ट वेगळी. तिच्या पितळी चकतीवर रंगाआधी मध्यापासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. मनगट हललं की रेघांवरून उजेडाचा पंखा फिरतो. अर्धी डायल गडद असताना उरलेली उजळते. १९७२ साली जेराल्ड जेंटाने ओडेमार पिगेसाठी 'रॉयल ओक' आखलं, त्याची डायल गडद निळी होती आणि केस साध्या स्टीलची. त्या डायलवर बारीक चौकड्यांची नक्षी कोरलेली आहे. चार वर्षांनी त्यानेच पाटेक फिलिपसाठी 'नॉटिलस' केलं, तीही निळीच, आणि तिच्यावर आडव्या उठावदार पट्ट्या. दोन्ही ठिकाणी निळा गडद असूनही मेला नाही, याचं श्रेय मी त्या कोरीवकामाला देतो.

सनरेचा एक तोटा बघून घ्यायला विसरू नका. काटे नुसते चकचकीत पॉलिशचे असतील तर उन्हात डायलही चमकते आणि काटेही, आणि वेळ दिसत नाही. सावलीत ते काटे आरशासारखे समोरचा अंधारच दाखवतात. काट्यांच्या मधोमध पांढरा भरणा असलेलं घड्याळ निवडा, किंवा घासलेल्या पृष्ठभागाचे काटे. काळ्या डायलला हा त्रास कमी, कारण तिथे पांढरे आकडे आणि पांढरे काटे हीच जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने बारा कंपन्यांकडून बनवून घेतलेली घड्याळं काळ्या डायलची होती, ती याच वाचनीयतेसाठी. आपली एचएमटी 'पायलट' त्याच घराण्यातली.

राहता राहिलं कपाट. फिकट निळ्या शर्टाच्या कफाखालून गडद निळी डायल डोकावली की दोन छटांमधलं अंतर स्पष्ट असतं, म्हणून ती जोडी बसते. अडचण येते ती शर्ट आणि डायल जवळजवळ एकाच निळ्याच्या असतात तेव्हा. एक दुसऱ्याची फसलेली नक्कल वाटतो. नाशिकच्या गृहस्थांकडे गडद निळा शर्ट नाही, त्यामुळे तो धोका नाही. तपकिरी बुटांना तपकिरी चामड्याचा पट्टा जुळतो, आणि निळ्या डायलला तपकिरी पट्टा काळ्या पट्ट्यापेक्षा नेहमी सरस दिसतो. फक्त तो कातडीच्याच छटेचा नको, नाहीतर पट्टा दिसेनासा होऊन डायल हाताला चिकटवल्यासारखी वाटते. एक छटा गडद घ्यावा. लग्नात अंगावर सायीच्या रंगाचा रेशमी कुर्ता असेल तर हाच पट्टा चालेल.

तेव्हा त्यांना माझं सांगणं : ३८ ते ३९ मिलिमीटर, स्टीलची केस, मध्यम गडद सनरे निळी डायल, पांढऱ्या भरण्याचे काटे, गडद तपकिरी पट्टा. घरच्यांचं ऐका. दुकानदाराने दाखवलेली ती विशिष्ट निळी मात्र मॅट असेल तर घेऊ नका.

हिरवी पुढच्या रविवारी, नक्की. ज्यांच्याकडे हिरव्या डायलचं घड्याळ आहे त्यांनी तोवर एवढं कळवावं : ते घातलं की कपाटातले कुठले शर्ट बाहेर काढता येत नाहीत?