क्रीडादिन पुढे गेला, पण शुक्रवारी दप्तर आणायचं का?

‘अपरिहार्य कारणास्तव वार्षिक क्रीडादिन पुढे ढकलण्यात आला आहे. नवीन तारीख लवकरच कळविण्यात येईल. सर्वांनी नोंद घ्यावी.’ व्याकरणाच्या दृष्टीने या सूचनेत काहीच चुकलेलं नाही. मुख्याध्यापकांची सही आहे, शिक्काही आहे. तरीही मधल्या सुट्टीत फलकापुढे घोळका जमतो आणि सुट्टी संपेपर्यंत क्रीडादिन रद्द झाल्याची बातमी शाळाभर पसरलेली असते. मुलांनी नोंद घ्यायची ती कशाची, हेच सूचनेत आलेलं नाही.

क्रीडादिनाची पहिली सूचना लिहिणं सोपं असतं. वाचणाऱ्याची पाटी कोरी असते. तारीख, वेळ, ठिकाण आणि गणवेश सांगितला की काम झालं. बदलाची सूचना मात्र अशा मुलांसाठी असते, ज्यांनी जुनी तारीख वहीत लिहून घेतली आहे, घरी सांगितली आहे आणि व्हॅनवाल्या काकांनाही कळवली आहे. त्यामुळे नवं काय ते सांगण्याइतकंच जुन्यातलं काय पुसायचं आणि काय ठेवायचं हेही सांगावं लागतं. शाळांच्या सूचना बहुतेक वेळा इथेच अडखळतात.

एक उदाहरण घेऊ. एका माध्यमिक शाळेचा क्रीडादिन शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी नऊ वाजता शाळेच्या मैदानावर ठरला होता. तशी सूचना १ डिसेंबरला लागली. १०० मीटर धावण्याच्या प्राथमिक फेऱ्या सोमवारी उरकल्या. मंगळवारी रात्री अवकाळी पाऊस झाला. फक्कीने आखलेल्या रेषा धुऊन गेल्या, लांब उडीच्या खड्ड्यात पाणी साचलं आणि कबड्डीच्या मैदानावर पाय घसरू लागला. बुधवारी सकाळी क्रीडाशिक्षकांनी मैदान पाहिलं आणि मुख्याध्यापकांशी बोलून शनिवार, २० डिसेंबर ही तारीख ठरवली. त्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून वेळही साडेसातची झाली.

वरवर पाहता बदल दोनच आहेत, तारीख आणि वेळ. पण मुलांच्या बाजूने पाहिलं की प्रश्न सुरू होतात. शुक्रवारी शाळा आहे का? असली तर वेळापत्रक कुठलं? सोमवारच्या फेऱ्यांत निवड झालेल्यांना पुन्हा धावावं लागेल का? गुरुवारी सभागृहात कॅरम आणि बुद्धिबळ ठरलं होतं, तेही पुढे गेलं का? यातला शुक्रवारचा प्रश्न सूचनेतून हमखास सुटतो. लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष नव्या तारखेकडे असतं आणि जुनी तारीख वाऱ्यावर राहते. मग शुक्रवारी अर्धा वर्ग खेळाच्या गणवेशात, दप्तराविना येतो आणि चार-पाच मुलं घरीच राहतात.

हे सगळं धरून सूचना साधारण अशी होईल :

(शाळेचे नाव, गाव)
जा. क्र. : क्रीडा/१७/२०२५
दिनांक : १० डिसेंबर २०२५

सूचना

विषय : वार्षिक क्रीडादिनाच्या तारखेत व वेळेत बदल
संदर्भ : सूचना जा. क्र. क्रीडा/१४/२०२५, दि. १ डिसेंबर २०२५

इयत्ता पाचवी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, पावसामुळे मैदान खेळण्यायोग्य नसल्याने शुक्रवार, दि. १२ डिसेंबर २०२५ रोजी होणारा क्रीडादिन आता शनिवार, दि. २० डिसेंबर २०२५ रोजी शाळेच्या मैदानावर होईल. विद्यार्थ्यांनी सकाळी ७.१५ वाजता खेळाच्या गणवेशात हजर राहावे. स्पर्धा ७.३० वाजता सुरू होतील.

शुक्रवार, दि. १२ डिसेंबर रोजी शाळा नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे भरेल.

कॅरम व बुद्धिबळ स्पर्धा ठरल्याप्रमाणे गुरुवार, दि. ११ डिसेंबर रोजीच सभागृहात होतील. झालेल्या प्राथमिक फेऱ्यांचे निकाल कायम राहतील.

अडचण असल्यास क्रीडाशिक्षकांना भेटावे.

मुख्याध्यापक
(सही व शिक्का)

यातल्या काही गोष्टी कचेरीच्या सवयीने आल्यासारख्या दिसतात, पण त्या कामाच्या आहेत. संदर्भाची ओळ नसेल आणि दोन सूचना शेजारी शेजारी लागल्या असतील, तर खरी कुठली हे कोणाला कळणार? वार आणि तारीख दोन्ही लिहिली की लिहिणाऱ्याचीच चूक पकडली जाते. ‘शनिवार, १९ डिसेंबर’ असं पडलं तर कॅलेंडर पाहणारा पहिलाच मुलगा येऊन विचारील. ‘उद्या’ किंवा ‘पुढच्या शनिवारी’ हे मात्र फलकावर नकोच, कारण कागद तीन दिवस तिथेच राहतो आणि ‘उद्या’ रोज एक दिवस पुढे सरकतो. हजर राहण्याची आणि स्पर्धा सुरू होण्याची वेळ वेगळी लिहायची, नाहीतर पहिल्या शर्यतीचे धावपटू फाटकातच असतात.

कारणाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द सहसा लिहूच नयेत. पाऊस सगळ्यांनी पाहिलेला असतो, मग तो लपवायचा कशाला? एखाद्या शिक्षकाचं आजारपण किंवा कोणाच्या घरची दुःखद घटना असं खाजगी कारण असेल, तर ते गाळावं आणि थेट बदलाकडे वळावं. पण कारण लिहायचं तर अर्ध्या ओळीत. पावसाचं वर्णन, दिलगिरी आणि सहकार्याची अपेक्षा यांचा परिच्छेद तयार झाला की नवी तारीख पाचव्या ओळीत जाते आणि मागे उभ्या असलेल्या मुलाला ती दिसतच नाही.

नवी तारीख ठरलेलीच नसेल तर? तेव्हाही ‘लवकरच’ हा आधार तोकडा पडतो. ‘नवीन तारीख सोमवार, दि. १५ डिसेंबर रोजी याच फलकावर लावली जाईल’ असं लिहिता येतं. तारीख माहीत नसली तरी ती कधी कळेल एवढं शाळा नक्की ठरवू शकते.

सूचना तयार झाली की ती टाचणीने लावण्याआधी पाचवीतल्या एखाद्या मुलीला वाचायला द्यावी आणि विचारावं, ‘शुक्रवारी दप्तर आणायचं का?’ ती अडली तर कागद परत टेबलावर घ्यायचा.

फलक सगळे वाचत नाहीत, हे कुठल्याही शिपायाला ठाऊक असतं. म्हणून तीच सूचना सूचना वहीत चिकटवून वर्गावर्गांत फिरते. वर्गशिक्षक ती वाचून दाखवतात, सही करतात आणि मुलं घरी दाखवण्यासाठी उतरून घेतात. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नावं हजेरीपटात असतातच. दुसऱ्या दिवशी त्यांना वेगळं सांगितलं नाही, तर शुक्रवारी बिनदप्तराची येणारी मुलं बहुधा तीच असतात. ज्यांच्यासाठी फलक नसतो अशा दोघांना तोंडी सांगावं लागतं : पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना, कारण शुक्रवारी जेवण नेहमीच्या वेळी लागणार आणि २० तारखेला कदाचित लवकर, आणि व्हॅनवाल्यांना, कारण क्रीडादिन संपण्याची वेळ शनिवारच्या शाळेच्या वेळेशी जुळेलच असं नाही.

जुनी सूचना त्याच वेळी फलकावरून उतरवायची. काही शाळा तिच्यावर लाल शाईने ‘रद्द’ लिहून ती तशीच ठेवतात. हे धोक्याचं आहे, कारण लांबून पाहणाऱ्याला ‘क्रीडादिन’ आणि ‘रद्द’ एवढंच वाचता येतं. उतरवलेला कागद फाडू मात्र नये. जावक नोंदवहीत दोन्ही क्रमांक आहेत, तेव्हा दोन्ही कागद फाइललाही हवेत. आणि १९ तारखेला पुन्हा पाऊस आलाच, तर लावलेल्या कागदावर पेनाने २० चे २७ करायचे नाहीत. नव्या जावक क्रमांकाची तिसरी सूचना काढायची आणि तिच्या संदर्भात आज लावलेल्या सूचनेचा क्रमांक घालायचा.