कारकुनाचा राजीनामा: चार ओळी, एक तारीख

सांगलीतल्या एखाद्या खासगी कार्यालयातल्या कारकुनाला पुण्यात नोकरी मिळाली आहे, असं समजा. राजीनामा लिहिण्याआधी त्यानं नेमणूकपत्र काढून नोटिशीची मुदत पाहावी. ती 30 दिवसांची असेल आणि अर्ज 31 मे रोजी दिला, तर कामाचा शेवटचा दिवस 30 जून. ही तारीख अर्जात स्पष्ट हवी. नुसतं ‘लवकरात लवकर सोडावे’ लिहिलं, की हिशेब अडतो.

मजकूर एवढाच पुरे:

‘मा. व्यवस्थापक यांस, स. न. वि. वि.
पुणे येथे नोकरी मिळाल्याने मी लिपिक पदाचा राजीनामा देत आहे. 30 जून रोजी कामकाजाच्या वेळेनंतर मला कार्यमुक्त करावे, ही विनंती. आवक-जावकीचे काम मला येथेच शिकायला मिळाले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. नोंदवह्या व किल्ल्या त्यापूर्वी सुपूर्द करेन.
आपला विश्वासू,’

आभाराचं हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात नेमकं काय शिकलो ते आहे. पगाराची तक्रार किंवा नव्या पगाराचा आकडा इथे नको. हा कागद वैयक्तिक फायलीत राहतो आणि पुढे चौकशी आली तर तोच उघडला जातो.

दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. नोटीस कधी सुरू झाली, यावर वाद झाला तर तीच कामी येते. भविष्यनिर्वाह निधी असेल, तर जुना यूएएन क्रमांक नव्या ठिकाणी द्यावा.