दहा वर्षांनंतरचा मंगळवार

दहा वर्षांनंतरच्या स्वतःला पत्र लिहायला बसलं की आधी पदच सुचतं: ‘तू आता उपाध्यक्ष असशील.’ पण हवं ते पद मिळूनही रोजचा दिवस नकोसा असू शकतो. म्हणून पत्रात एक साधा कामाचा दिवस लिहावा.

समजा, चाकणच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणारी ४२ वर्षांची व्यवस्थापक लिहिते आहे: ‘आज मंगळवार. सकाळी पुरवठादाराकडे जाऊन तू नव्या मुलीला माल तपासायला शिकवते आहेस. दराची घासाघीस तुझी टीम करते, तू फक्त मोठे करार बघतेस. साडेसहाला घरी पोचतेस आणि नंतर ऑफिसचा फोन येत नाही.’

यातलं प्रत्येक वाक्य आजच्या दिवसाशी ताडून पाहता येतं. फोन यायला नको असेल, तर ठरावीक रकमेपर्यंतच्या सह्यांचे अधिकार आतापासूनच हाताखालच्यांना द्यायला हवेत, आणि त्यांच्या सुरुवातीच्या चुका सोसायला हव्यात. मला पत्राचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ‘समाधानी’, ‘संतुलित’ असे शब्द येऊ लागले, की तो दिवस अजून डोळ्यांसमोर आलेला नाही असं समजावं. कंपनी तोवर टिकेल का, हे तिच्या हातात नाही. म्हणून कंपनीचं नाव न घालता कामाचं स्वरूप लिहावं.