चुकीच्या घडीचा संसर्ग

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात फोरे जमातीच्या वस्त्या आहेत. १९५७ साली व्हिन्सेंट झिगास हे तिथले सरकारी डॉक्टर आणि कार्लटन गायडुसेक हे अमेरिकी संशोधक एका चमत्कारिक आजाराच्या नोंदी घेत या वस्त्यांमधून हिंडत होते. रोग्याचा आधी चालताना तोल जाई. मग हातपाय थरथरू लागत, बोलणे अडखळे, शेवटी गिळताही येत नसे. बहुतेक रोगी वर्षभरात दगावत. रोगी मुख्यतः बायका आणि मुले. फोरे लोक या आजाराला कुरू म्हणत आणि ती कुणीतरी केलेली करणी आहे, असे मानत. डॉक्टरांनाही दुसरे काही सुचत नव्हते, कारण ना ताप, ना सूज, ना रक्तात कोणता जंतू.

उलगडा दोन वाटांनी झाला. शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास या मानववंशशास्त्रज्ञांनी फोरे लोकांच्या अंत्यविधींची माहिती जमवली. मेलेल्या माणसाचे शरीर नातलगांनी खायचे, अशी तिथली रीत होती. त्यात क्रौर्य नव्हते; मृताबद्दलची माया होती. मेंदू बहुधा बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला येई. दुसरी वाट एका पशुवैद्याने दाखवली. कुरूने मेलेल्यांच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे पाहून विल्यम हॅडलो यांना मेंढ्यांचा स्क्रेपी हा रोग आठवला. दोन्ही मेंदूंत तशीच बारीक भोके होती. कुरूचा नमुना माकडांना टोचून पाहा आणि धीर धरा, असे त्यांनी १९५९ साली सुचवले. चिंपांझींना तो टोचला गेला आणि दीड-दोन वर्षांनी त्यांचाही तोल जाऊ लागला. १९६६ साली हे प्रसिद्ध झाले. कुरू संसर्गजन्य होता.

पण संसर्ग कशाचा? लंडनमध्ये टिक्वा अल्पर यांनी स्क्रेपीच्या नमुन्यावर अतिनील किरणांचा मारा केला. एवढ्या माऱ्यात कोणत्याही विषाणूचा जनुकीय मजकूर टिकला नसता. नमुना मात्र तसाच रोगकारक राहिला. १९६७ साली जॉन ग्रिफिथ या गणिती डोक्याच्या माणसाने एक धाडसी कल्पना मांडली: हा रोगकारक म्हणजे नुसते प्रथिन असू शकेल. १९८२ साली स्टॅनली प्रुसिनर यांनी त्याला 'प्रायॉन' असे नाव दिले आणि बऱ्याच सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. जनुकाशिवाय संसर्ग होतो, हे कोणाला पटणार?

खरा धक्का पुढे बसला. रोगट मेंदूत सापडणारे हे प्रथिन बाहेरून आलेले नव्हतेच. त्याचा जनुक आपल्या प्रत्येकाच्या विसाव्या गुणसूत्रावर आहे. हे प्रथिन चेतापेशींच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, मेदाच्या छोट्या नांगराने बांधलेले असते. कुरूत ताप का नाही, याचे उत्तर इथेच मिळते: शरीर ज्याला रोज स्वतः घडवते, त्याला परका म्हणून ओळखणार कसे?

निरोगी आणि रोगट रेणूंत अमिनो आम्लांची माळ एकच असते. फरक असतो तो केवळ घडीत. सुमारे दोनशे अमिनो आम्लांच्या या माळेचा एक अर्धा भाग निरोगी अवस्थेत सैल लोंबत असतो आणि दुसऱ्यात तीन सर्पिल वळणे असतात. पेशीतली पाचक विकरे अशा रेणूचा सहज फडशा पाडतात. रोगट रेणूत ती वळणे उलगडलेली असतात. माळ सपाट होऊन ठरावीक वळणे घेत एका पातळीत पसरते, आणि असे रेणू एकावर एक बसून लांब तंतू तयार होतो. दोन थरांमधले अंतर असते जेमतेम अर्धा नॅनोमीटर. हा तंतू इतका घट्ट असतो की विकरांना त्याचा गाभा पचवता येत नाही.

तंतूच्या टोकाचा थर एका बाजूने उघडा असतो. तिथे जोडले जाऊ शकणारे बंध मोकळेच असतात. जवळून जाणारा निरोगी रेणू तिथे चिकटला की त्याची वळणे सुटू लागतात, आणि खालच्या थरातल्या प्रत्येक अमिनो आम्लावर त्याचेच तेच अमिनो आम्ल येऊन टेकते. खालची माळ जिथे वळली असेल तिथे वरचीही वळते. बसला की तोच रेणू नवे टोक होतो आणि पुढच्याची वाट पाहतो. खडीसाखर करताना पाकात सोडलेल्या दोऱ्यावर साखरेचे कण असेच एकाला धरून एक बसतात. तिथेही जिवंत काही लागत नाही. पण टोकाटोकाने वाढणे हे संथ काम. रोगाला वेग येतो तो तंतू तुटल्यामुळे. एका तंतूचे दोन तुकडे झाले की वाढणारी टोके दोनाची चार होतात, चाराची आठ. सुरुवातीला मूठभर तुकडे असतात आणि पेशी त्यातलेही काही निकालात काढत असते, म्हणून लक्षणे दिसायला वर्षे लागतात. १९६०च्या सुमारास फोरे लोकांची ती रीत बंद पडली आणि नंतर जन्मलेल्यांना कुरू झाला नाही. ज्यांनी लहानपणी तो घास घेतला होता, त्यांच्यातले काही मात्र पन्नास वर्षांनंतर आजारी पडले.

निरोगी प्रथिन हा या रोगाचा कच्चा माल असेल, तर तो काढून घेतल्यावर रोग थांबायला हवा. १९९३ साली चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने हे दाखवले. हा जनुकच नसलेल्या उंदरांना स्क्रेपी टोचला. ते धडधाकट राहिले.

हीच साखळी आज निदानासाठी वापरली जाते. क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मानवी प्रायॉन रोग दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना होतो आणि बहुतेक वेळा बाहेरच्या संसर्गाशिवाय, आपोआप. संशयित रोग्याच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाचे काही मायक्रोलिटर प्रयोगशाळेत बनवलेल्या निरोगी प्रथिनात मिसळतात आणि ते मिश्रण गरम ठेवून पुन्हापुन्हा हलवतात, म्हणजे तंतू तुटत राहावेत. सोबत तंतूला चिकटल्यावरच चमकणारा रंग असतो. द्रवात रोगट तुकडे असतील तर बराच वेळ काहीच दिसत नाही, मग चमक एकाएकी झपाट्याने चढते. चमक आली तर निदान जवळजवळ पक्के. न आली तर मात्र रोग नाहीच, असे म्हणता येत नाही.

कुरूच्या साथीने फोरे प्रदेशात आणखी एक गोष्ट उघड केली. साथीतून वाचलेल्या काही कुटुंबांत या प्रथिनातले १२७वे अमिनो आम्ल निराळे आढळले: ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन. ग्लायसिन सर्वांत लहान; व्हॅलिनला बाजूला फुटलेला धुमारा असतो आणि थरावर थर बसताना तो आडवा येतो. लंडनमधल्या जॉन कॉलिंज यांच्या गटाने हा बदल उंदरांत घातला आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. ज्यांच्याकडे केवळ व्हॅलिनवाले प्रथिन होते, ते मानवी प्रायॉनच्या अठरा नमुन्यांपैकी एकालाही बधले नाहीत. ज्यांच्यात दोन्ही प्रकार मिसळलेले होते, त्यांना कुरू आणि नेहमीचा क्रॉइट्झफेल्ड-याकोब झाला नाही. पण ब्रिटनमध्ये वेड्या गाईंच्या मांसातून माणसांत आलेल्या प्रायॉनपुढे ते पूर्ण सुरक्षित ठरले नाहीत. त्या प्रायॉनची घडी वेगळी आहे.