2 की 9? बाईंना एक चिठ्ठी

पाचवीतल्या लेकीच्या सरावपत्रिकेवर लाल फुली होती. प्रश्न नेहमीचाच : गटात न बसणारी संख्या ओळखा. 2, 5, 7, 9. लेकीने 2 ला गोल केला होता. बाईंचं उत्तर 9, कारण 2, 5, 7 या मूळ संख्या आणि 9 ला मात्र 3 ने भाग जातो.

"पण आई, बाकीच्या तिन्ही विषम आहेत ना गं!"

तिचंही खरंच होतं. अशा प्रश्नाची कसोटी एकच : तिघींना लागू पडेल आणि चौथीला पडणार नाही, असा गुणधर्म सांगता आला पाहिजे. इथे दोघींनाही तो सांगता येत होता. घोळ होता 2 चा. ही एकटीच संख्या सम असूनही मूळ आहे, त्यामुळे मूळ संख्यांत ती बसते आणि विषम संख्यांत एकटी पडते. तिच्या जागी 3 छापला असता, तर हा वाद उभाच राहिला नसता.

म्हणून काहीही चालतं असं नाही. धाकट्याने लगेच 5 सांगितलं, "कारण 2 आणि 7 मिळून 9!" चलाख आहे, पण हा तिघांतल्या प्रत्येकीचा गुणधर्म नव्हे. शिवाय त्याच न्यायाने 2 आणि 5 मिळून 7 होतात आणि 9 बाहेर पडतो.

लिहिण्याआधी पत्रिकेचा मथळा पाहिला. तिथे 'मूळ व संयुक्त संख्या' असतं, तर मी गप्प बसले असते. मग बाईंना काय अपेक्षित आहे ते उघड होतं. मथळा होता 'संमिश्र सराव'.

पहिली चिठ्ठी 'आपण चुकीचं तपासलंत' अशी सुरू झाली, ती फाडली. दुसरी अशी :

'आदरणीय बाई, स. न. वि. वि.
चौथ्या प्रश्नाचं 9 हे उत्तर बरोबर आहे, ते तिला समजावलं. तिने 2 लिहिलं, कारण 5, 7, 9 विषम आहेत. हे कारणही ग्राह्य धरता येईल का, ते कृपया पाहावं. गुणांसाठी लिहीत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत असा प्रश्न आला तर तिने कोणता पर्याय निवडावा, हे आपण सांगितलंत तर बरं होईल.'

चिठ्ठी वहीत घालून दिली, पालकांच्या ग्रुपवर टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी फुलीशेजारी बाईंचं अक्षर होतं : 'कारण पटलं. परीक्षेत आधी चारही पर्याय पाहा. दोन बसत असतील, तर प्रश्न कोणत्या घटकावरचा वाटतो ते बघ.' खाली गृहपाठ : एकच उत्तर येईल असा गट तू बनव.

लेकीने तासभर खपून लिहिलं : 4, 9, 16, 20. "वीस! बाकीच्या वर्गसंख्या आहेत."

धाकट्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नऊ."